आठ जून की सहा ऑगस्ट?

एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या पावत्यांची यादी डोळ्यांसमोर आणा. संस्थेच्या सॉफ्टवेअरमधून २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या सगळ्या पावत्या एका सीएसव्ही फाइलमध्ये काढल्या आहेत. पावती क्रमांक, तारीख, खाते क्रमांक, रक्कम. तारखा आपल्याकडे लिहितात तशाच, आधी दिवस आणि मग महिना. यादी लेखापरीक्षकाकडे पाठवायची असते, म्हणून कार्यालयातलं कुणीतरी त्या फाइलवर डबल क्लिक करतं. ती एक्सेलमध्ये उघडते आणि तारखांचा कॉलम जरा विचित्र दिसतो. काही तारखा चौकटीत डाव्या कडेला टेकलेल्या, काही उजव्या कडेला. बघणाऱ्याला वाटतं, मांडणीचा काहीतरी घोळ आहे. पण तेवढ्या क्षणात शंभराहून अधिक दिवसांच्या पावत्यांवर चुकीची तारीख पडलेली असते, आणि एक्सेलने त्याबद्दल एक शब्दही काढलेला नसतो.

नेमकं काय झालं ते समजून घ्यायला हवं. सीएसव्ही फाइल म्हणजे साधा मजकूर. `08/06/2023` ही तारीख आहे की आणखी काही, आणि तारीख असेल तर त्यातला दिवस कुठला, हे त्या फाइलमध्ये कुठेच नोंदलेलं नसतं. फाइल उघडताना एक्सेल ते ठरवतं, आणि त्यासाठी विंडोजमध्ये प्रदेशाची जी सेटिंग असेल ती बघतं. तिथे English (India) असेल तर पहिला आकडा दिवस मानला जातो. English (United States) असेल तर पहिला आकडा महिना. आपल्याकडच्या अनेक संगणकांवर विंडोज बसवताना अमेरिकेची सेटिंगच राहून गेलेली असते. एरवी त्याने काही अडत नाही, म्हणून ती कुणी बदलत नाही.

त्या संगणकावर एक्सेल `08/06/2023` वाचतं आणि ऑगस्टची ६ तारीख समजतं. मग ते मूळ मजकूर टाकून देतं आणि त्या जागी एक संख्या ठेवतं. एक्सेलच्या लेखी प्रत्येक तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून मोजलेला दिवसांचा क्रमांक. ८ जून २०२३ चा क्रमांक ४५०८५ आणि ६ ऑगस्टचा ४५१४४. चौकटीत ४५१४४ गेला. मूळचं `08/06/2023` आता त्या चौकटीत कुठेही उरलेलं नाही.

पण `13/06/2023` आली की काय? तेरावा महिना नसतो. एक्सेलला ती तारीख म्हणून वाचताच येत नाही, म्हणून ते तिला हात लावत नाही आणि आहे तसा मजकूर ठेवतं. मजकूर डावीकडे टेकतो, संख्या उजवीकडे. कॉलमच्या दोन कडांचं रहस्य एवढंच.

वर्षभराच्या तारखांचे आता तीन ढीग पडतात. १३ ते ३१ या दिवसांच्या तारखा मजकूर म्हणून राहतात. २०२३-२४ च्या ३६६ दिवसांपैकी अशा तारखा २२२. दुसरा ढीग छोटा, फक्त १२ तारखांचा: ४ एप्रिल, ५ मे, ६ जून अशा, ज्यांत दिवस आणि महिना सारखेच असल्यामुळे उलटून काही फरक पडत नाही. तिसऱ्या ढिगात उरलेल्या १३२ तारखा. त्या सगळ्या उलटलेल्या. वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक.

या ढिगांबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. डोळ्यांना खटकतात त्या तारखा निर्दोष आहेत. डावीकडच्या, बेरजेत न येणाऱ्या, क्रम लावताना खाली जाऊन बसणाऱ्या तारखांमध्ये मूळ मजकूर शाबूत आहे. ज्या उजव्या कडेला नीट बसल्या आहेत आणि ज्यांच्याबद्दल एक्सेलची काही तक्रार नाही, त्याच बिघडलेल्या आहेत.

त्यात भर म्हणजे, त्या संगणकावर बिघाड दिसतही नाही. अमेरिकी सेटिंगमध्ये ६ ऑगस्ट ही तारीख पडद्यावर `8/6/2023` अशी दिसते. कारकुनाच्या डोळ्यांना ती ८ जूनच वाटते, कारण मूळ यादीत तेच होतं. फक्त पुढची शून्यं गळलेली असतात, आणि शून्यं गळाली म्हणून कुणी काळजी करत नाही. खरं तर बिघाडाचा हा पहिला पुरावा आहे. एकाच कॉलममध्ये `13/06/2023` आणि `8/6/2023` अशा दोन तऱ्हा दिसल्या, की शून्यं गळालेल्या ओळींमधून एक्सेलचा हात फिरला आहे हे नक्की. तीच फाइल एक्सेलच्या स्वरूपात जतन करून भारतीय सेटिंगच्या संगणकावर उघडली की तिथे `06-08-2023` दिसतं आणि मग दोन माणसांमध्ये वाद सुरू होतो. दोघांसमोरची फाइल एकच असते आणि चौकटीतला आकडाही एकच, ४५१४४.

खरं नुकसान मात्र पुढच्या पायरीवर होतं, आणि ते चांगल्या हेतूने होतं. डावीकडच्या तारखा खटकतात म्हणून कुणीतरी त्या दुरुस्त करायला घेतं. तेवढ्याच ओळी निवडून, Text to Columns वापरून, त्यांना DMY असं सांगून खऱ्या तारखांमध्ये बदलतं. ते काम बरोबरच होतं, १३ जूनची १३ जून होते. पण त्यानंतर सगळा कॉलम एकसारखा दिसू लागतो. सगळ्या तारखा उजवीकडे, सगळ्या संख्या. कुठल्या ओळी एक्सेलने परस्पर वाचल्या होत्या आणि कुठल्या नव्हत्या, ही खूण त्या दुरुस्तीने पुसली जाते. म्हणून अशी फाइल हाती आली तर डावीकडच्या तारखांना हात लावण्याआधी एक रिकामा कॉलम घ्यावा आणि त्यात प्रत्येक ओळीची अवस्था नोंदवून ठेवावी. तारखा `B` कॉलममध्ये आहेत असं धरून:

```
=IF(ISNUMBER(B2),"संख्या","मजकूर")
```

हे सूत्र शेवटपर्यंत ओढून घ्या, मग तो कॉलम कॉपी करून त्याच जागी Paste Values करा, म्हणजे पुढे तारखा बदलल्या तरी खूण बदलणार नाही. ज्यांच्यासमोर "संख्या" आलं आणि ज्यांचा दिवस व महिना वेगळा आहे, त्या सगळ्या ओळी उलटलेल्या. पडताळा सोपा आहे. "संख्या" असलेल्या सगळ्या ओळींमध्ये दिवसाचा आकडा १२ च्या वर एकदाही जात नसेल, तर निदान पक्कं. प्रामाणिकपणे भरलेल्या वर्षभराच्या यादीत १३ ते ३१ मधली एकही तारीख नसणं शक्यच नाही.

पण बहुतेक वेळा फाइल आपल्यापर्यंत येते ती खूण पुसली गेल्यावर. वर्ष उलटलेलं असतं, मूळ सीएसव्ही कुणाकडे नसतं, तीन शाखांच्या याद्या एकाखाली एक जोडलेल्या असतात. त्यांतली एखादी नीट संगणकावर उघडलेली असते, शिवाय मधल्या काही पावत्या कुणीतरी हातानेही भरलेल्या असतात. म्हणजे १२ पर्यंतच्या दिवसांच्या काही तारखा खऱ्या आणि काही उलटलेल्या. सरसकट सगळ्या उलटवल्या तर बऱ्या असलेल्या बिघडतील. इथे खरी शोधाशोध सुरू होते.

सर्वांत आधी आर्थिक वर्षाची चौकट लावून बघावी. तारीख उलटताना दिवस आणि महिना जागा बदलतात, वर्ष तेच राहतं. त्यामुळे एप्रिल ते डिसेंबर २०२३ या नऊ महिन्यांतल्या १, २ आणि ३ तारखा उलटून जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च २०२३ मध्ये जातात, म्हणजे वर्ष सुरू होण्याआधी. अशा २७ तारखा. जानेवारी ते मार्च २०२४ मधल्या ४ ते १२ तारखा उलटून एप्रिल ते डिसेंबर २०२४ मध्ये जातात, म्हणजे वर्ष संपल्यावर. अशाही २७. वर्षाच्या बाहेर पडलेली ओळ लगेच पकडता येते. पण १३२ पैकी ५४ तारखाच अशा हाती लागतात. उरलेल्या ७८ वर्षाच्या आतच राहतात आणि अगदी साळसूद दिसतात.

महिन्यांच्या बेरजांकडे नुसती नजर टाकूनही त्या सापडत नाहीत. जूनच्या तारखा इतर महिन्यांमध्ये विखुरतात, तशा इतर महिन्यांच्या ६ तारखा जूनमध्ये येऊन बसतात. एकूण आकडा फारसा हलत नाही. फक्त एकाच महिन्याची यादी असेल तर खूण ठळक उमटते. नुसत्या जूनच्या पावत्या असतील तर उलटलेल्या सगळ्या तारखा दर महिन्याच्या ६ तारखेला दिसतील: ६ जानेवारी, ६ फेब्रुवारी, अशा ओळीने ६ डिसेंबरपर्यंत. ही रांग एकदा पाहिली की विसरत नाही.

वर्षभराच्या यादीत मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो पावती क्रमांक. यादी तारखेने नाही, पावती क्रमांकाने लावायची, आणि शाखांच्या मालिका वेगळ्या असतील तर प्रत्येक शाखा वेगळी. मग वरून खाली वाचायचं. समजा एका ठिकाणी असं दिसलं: ३१ मे, ६ ऑगस्ट, ६ सप्टेंबर, ६ ऑक्टोबर, ६ डिसेंबर, १३ जून. पहिली आणि शेवटची तारीख नक्की खरी आहे, कारण त्यांतला दिवस १२ च्या वर आहे आणि अशी तारीख उलटून तयार होऊच शकत नाही. या दोन खुंट्यांच्या मधल्या सगळ्या पावत्या ३१ मे ते १३ जून याच काळात फाडलेल्या असणार. ६ ऑगस्ट त्यात बसत नाही, ती उलटवली तर ८ जून होते आणि बसते. बाकीच्या ९, १० आणि १२ जून होतात. मधली ११ जून नाही, कारण त्या दिवशी रविवार होता. आणि ज्या ६ ऑगस्टला पहिली पावती फाडलेली दिसत होती, तोही रविवारच होता, संस्था बंद असण्याचा दिवस. दोन्ही पुरावे एकाच बाजूला झुकतात.

इथे कुणी विचारेल की खरी तारीख आणि उलटलेली तारीख, दोन्ही त्या मधल्या जागेत बसल्या तर? संस्थेत रोज पावत्या फाटत असतील तर तसं होत नाही, आणि त्याचं कारण समजलं की या पद्धतीवर विश्वास बसतो. दर महिन्यात १३ पासून शेवटपर्यंतच्या तारखा खुंट्या म्हणून मिळतात. त्यामुळे दोन खुंट्यांच्या मधल्या जागेत पहिल्या बारा दिवसांचा एकच तुकडा येतो, एकाच महिन्याचा. एका तारखेची दोन वाचनं मात्र नेहमी दोन वेगळ्या महिन्यांच्या पहिल्या बारा दिवसांत पडतात. म्हणून त्यांतलं एकच बसू शकतं, आणि ते कुठलं याबद्दल शंका राहत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मागची तारीख टाकून फाडलेली पावती क्रमात बसणार नाही आणि उगाच संशयित ठरेल. संस्थेच्या दप्तरात अशा पावत्या असतात. म्हणून जी ओळ उलटवूनही बसत नाही, तिला सूत्राने हात लावू नये. ती वेगळी काढावी आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीशी ताडून बघावी. त्या ओळी थोड्या असतात. रविवारची कसोटीही एकटी पुरेशी नाही. उलटलेली तारीख आठवड्याच्या कुठल्याही वारी पडू शकते, म्हणजे सातांपैकी साधारण एकच रविवारी सापडेल. पण जी सापडेल ती ठाम पुरावा देते, आणि एका शाखेच्या यादीत पाच-सहा रविवार निघाले तर त्या शाखेची फाइलच चुकीच्या संगणकावरून गेली आहे हे कळायला पुरतं.

संशयित ओळी ओळखायला हे सूत्र:

```
=AND(DAY(B2)<=12, DAY(B2)<>MONTH(B2))
```

ज्यांच्यासमोर TRUE येईल त्याच तपासायच्या. बाकीच्यांना काही झालेलं असणं शक्य नाही. तपासून जी ओळ बिघडलेली ठरली, तिच्यासमोर `C` कॉलममध्ये "उलट" असं लिहायचं आणि दुरुस्त तारीख `D` कॉलममध्ये तयार करायची:

```
=IF(C2="उलट", DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)), B2)
```

`DATE` ला वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आकडे लागतात. आपण महिन्याच्या जागी जाणूनबुजून दिवस देतो आणि दिवसाच्या जागी महिना. मूळ `B` कॉलम तसाच ठेवावा. यामागे एक नेमकं कारण आहे: तारीख दोनदा उलटवली की ती पुन्हा बिघडते, आणि दुरुस्ती मूळ जागीच केली तर दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस तीच दुरुस्ती पुन्हा करू शकतो. दोन कॉलम शेजारी असले की कुठली ओळ बदलली हे लेखापरीक्षकालाही दिसतं. तारखेसोबत वेळही असेल तर वरच्या सूत्रात ती गळते, मग शेवटी `+MOD(B2,1)` जोडावं लागतं, आणि ते फक्त उलटवलेल्या तारखेच्या भागाला.

एवढी उठाठेव कशासाठी, असं वाटत असेल तर मुदत ठेवीचा हिशेब करून बघा. एक लाख रुपयांची ठेव, व्याज समजा दरसाल ९ टक्के. ८ जूनला ठेवलेले पैसे ६ ऑगस्टला आल्याचं दिसलं तर ५९ दिवसांचं व्याज गळतं, म्हणजे सुमारे १,४५५ रुपये. उलट दिशेनेही तसंच: ६ ऑगस्टची ठेव ८ जूनची दिसली तर संस्था तेवढे पैसे जास्त देते. यादीभर अशा चुका दोन्ही बाजूंना पडतात आणि एकूण व्याजात एकमेकींना झाकतात. बेरीज जवळपास जुळते, आणि खातेदारांचे हिशेब मात्र एकेक करून चुकलेले असतात. म्हणून एकूण रक्कम जुळली याचं समाधान मानू नये. दुरुस्तीनंतर दर महिन्याच्या पावत्यांची संख्या आणि रक्कम काढावी आणि ती संस्थेच्या सॉफ्टवेअरमधल्या मासिक अहवालाशी महिन्यागणिक ताडावी. एक जरी पावती चुकीच्या महिन्यात राहिली असेल तरी दोन महिन्यांत फरक दिसेल, एकात कमी, दुसऱ्यात तेवढाच जास्त. फरकाची रक्कम यादीत शोधली की पावती हाती लागते.

एक्सेलच्या बाहेरही हा घोळ होतो. गुगल शीट्समध्ये विंडोजऐवजी त्या शीटचा स्वतःचा Locale बघितला जातो, File मधल्या Settings मध्ये, आणि तो United States असेल तर परिणाम तोच. प्रोग्रॅम लिहून फाइल वाचणाऱ्यांच्या वाट्याला याहून अवघड प्रकार येतो. पायथॉनमधलं पँडाज हे लोकप्रिय साधन २०२३ च्या आवृत्ती २.० पर्यंत प्रत्येक तारीख सुटी वाचत असे. पहिला आकडा १२ च्या आत असेल तर महिना, नाहीतर दिवस. म्हणजे १३ जून बरोबर वाचली जाई आणि ८ जून उलटी, आणि मजकूर म्हणून मागे काहीच राहत नसे. खूण पुसण्याचं जे काम एक्सेलमध्ये माणूस करतो, ते इथे वाचतानाच होऊन जाई. आवृत्ती २.० पासून ते पहिल्या तारखेवरून एकच साचा ठरवतं आणि न बसणारी तारीख आली की थांबतं. हे थांबणं वापरणाऱ्याला त्रासाचं वाटतं, पण माझ्या मते तेच योग्य आहे.

मूळ सीएसव्ही अजून हाती असेल तर वरचं काहीच करायची गरज नाही. डबल क्लिक न करता एक्सेलच्या Data मेनूतून From Text/CSV घ्यावं, Data Type Detection मध्ये Do not detect data types निवडावं, आणि मग Transform Data मध्ये जाऊन तारखेच्या कॉलमचा प्रकार Using Locale वापरून Date आणि English (India) असा सांगावा. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर तारीख `2023-06-08` अशी, वर्ष आधी ठेवून बाहेर काढणं सर्वांत बरं. हा आयएसओ ८६०१ चा साचा, १९८८ सालापासून चालत आलेला. तो एक्सेल कुठल्याही सेटिंगमध्ये एकाच रीतीने वाचतं.

एक प्रकार मात्र असा आहे की ज्यात वरची एकही कसोटी पुरत नाही. तो म्हणजे सभासदांच्या जन्मतारखा. त्यांना क्रम नसतो, आर्थिक वर्ष नसतं, रविवारी जन्मलेल्यांना कुणी हरकत घेत नाही, आणि महिन्याच्या बेरजा ताडायला अहवालही नसतो. सूत्राने फक्त संशयितांची यादी काढता येते. ८ जून १९६१ आणि ६ ऑगस्ट १९६१ यांत वयाचा फरक दोन महिन्यांचाही नाही, पण ज्येष्ठ नागरिकांना मिळणारा जादा व्याजदर कुठल्या दिवसापासून लागू करायचा, हे त्या दोन महिन्यांवरच अवलंबून असतं. अशा ओळींसाठी सभासदत्वाचा अर्ज काढून, त्याला जोडलेल्या जन्मतारखेच्या पुराव्यावरून प्रत्येक नोंद डोळ्यांखालून घालावी लागते. सुरुवात साठीच्या आसपासच्या सभासदांपासून करावी, कारण चुकीचा परिणाम आधी त्यांच्या खात्यात उतरतो.